चलनावर ६,२८० किलो, जमिनीवर ३१२ गज

प्रश्न: मी सोलापुरात एका इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे, सात महिने झाले. परवा आलेलं स्टील मी सहज मोजलं तर चलनापेक्षा कमी भरतंय. स्टोअरवाले म्हणतात, "रोलिंगमध्ये एवढं इकडंतिकडं होतं, सही करा." वर सांगू की गप्प बसू? कुणावर आळ घ्यायचा नाहीये, आणि नोकरीही घालवायची नाहीये.

उत्तर:

तुमच्या वयाचा असताना मी याच गावात, जुळे सोलापूरच्या एका साइटवर, नेमका इथेच अडकलो होतो. त्यामुळे आधी तीच गोष्ट सांगतो.

मे महिना होता. आपल्याकडे मेच्या दुपारी उन्हात पडलेल्या गजाला हात लावला तर पोळतो, हे तुम्हाला सांगायला नको. स्टीलची गाडी नेमकी त्याच वेळी यायची. दुपारी साडेबारा-एकला, जेव्हा फिटर लोक सावलीत भाकरी सोडून बसलेले आणि मी स्टोअरच्या पत्र्याखाली पंख्यासमोर. हा योगायोग नसतो हे मला फार उशिरा कळलं. गाडी आली की स्टोअरचे मामा चलन आणि काटापावती घेऊन यायचे, "सर, इथं एक सही" म्हणायचे आणि मी करायचो. आधीच्या दोन गाड्यांवर अशीच माझी सही झालेली होती.

मामांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बाहेरगावचा, एका खोलीत राहणारा. पहिल्या आठवड्यापासून मामा डब्यातली अर्धी कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवायचे. मला ताप आला तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात तेच घेऊन गेले. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

तिसरी गाडी आली त्या दिवशी मी मोजायला गेलो त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. स्लॅबच्या बीमसाठी सोळाचे गज पुरतील का, एवढंच मला बघायचं होतं. गाडीत नुसतं सोळा एमएमच होतं. तीन-तीन गजांच्या मोळ्या, मधोमध वाकवून आणलेल्या. मोजताना गोंधळ होऊ नये म्हणून चुन्याच्या डब्यात काडी बुडवून मोजलेल्या प्रत्येक टोकाला ठिपका देत गेलो. गज वाकवलेला असला की दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात आणि एकच गज दोनदा मोजला जातो, म्हणून शेवटी ठिपके मोजले आणि निम्मे केले. ३१२ गज. खात्री वाटेना, म्हणून मुकादमाला बोलावून त्याच्याकडून मोळ्या मोजून घेतल्या. १०४ मोळ्या. म्हणजे ३१२ बरोबरच होते.

आता हिशेब. गजाचं मीटरला वजन काढायचं तर व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचं, हे तुम्ही कॉलेजात शिकला आहात. सोळाचं येतं १.५८ किलो. बारा मीटरचा गज १८.९६ किलो. ३१२ गजांचं वजन ५,९१५ किलो. चलनावर आणि काटापावतीवर होतं ६,२८०. म्हणजे ३६५ किलो कमी.

मी मामांना दाखवलं. ते कागदाकडे न बघताच म्हणाले, "सर, रोलिंग मार्जिन असतंय की. गज कधी जाड येतंय, कधी बारीक."

तुमच्या स्टोअरवाल्यांनीही हेच सांगितलंय, म्हणून इथे थोडं थांबतो. यात अर्धं खरं आहे. आयएस १७८६ प्रमाणे सोळापर्यंतच्या गजाचं सरासरी वजन ठरलेल्या वजनापेक्षा पाच टक्के इकडे किंवा तिकडे चालतं (वीस आणि त्याहून जाड गजाला तीन टक्के, दहापर्यंतच्या बारीक गजाला सात). म्हणजे समजा गज पाच टक्के जड लाटला गेला असेल, तर ३१२ गजांचं वजन ६,२११ पर्यंत जाऊ शकतं आणि तूट बरीचशी भरून निघते. तेव्हा "रोलिंग" हे उत्तर ऐकल्याबरोबर खोटं समजू नका. पण ते तपासता येतं, आणि तपासायला लॅब लागत नाही. लोक हे उत्तर देतात ते कुणी तपासत नाही म्हणून.

मी पाच वेगवेगळ्या मोळ्यांतल्या गजांचे एकेक मीटरचे तुकडे कापून घेतले. हॅक्सॉनेच कापा. कटरने तोडलं तर टोक चेपतं आणि मीटर नेमका मिळत नाही. तुकडे पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. तिथे पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा होता. दुकानदारानं शेंगदाण्याचं पातेलं उतरवून ठेवलं आणि म्हणाला, "काय करायलाव सर, लोखंड विकायलाव काय?" एकेक तुकडा ठेवत गेलो. १.५३५, १.५२५, १.५३०, १.५३०, १.५३०. सरासरी १.५३.

म्हणजे गज जड नव्हता, हलका होता. तीन टक्क्यांच्या आसपास हलका, मापात बसणारा, त्यामुळे मालाच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण तूट उलट वाढली. ३१२ गज, बारा मीटर, मीटरला १.५३ किलो. जमिनीवर पडलेलं खरं वजन ५,७२८ किलो आणि चलनाहून कमी ५५२ किलो. एका गजाचं वजन १८.३६ किलो धरून ५५२ ला भागलं तर तीस येतात. बरोबर दहा मोळ्या.

त्या दहा मोळ्यांनी मला गप्प केलं. काट्याची चूक असती तर तूट वेडीवाकडी आली असती. भरलेली गाडी तोलताना क्लीनर आत बसला होता आणि रिकामी तोलताना उतरला, डिझेल भरलं, काट्याचा आकडाच दहा-दहा किलोनं पुढे सरकतो, असल्या कारणांनी पाच-पन्नास किलो, फार तर शंभर किलो इकडचं तिकडं होतं. ते मोळीच्या पटीत येत नाही. आधी मी नुसत्या १.५८ वर हिशेब केला होता तेव्हा एकोणीस गज आणि वर थोडे किलो येत होते, त्यातून काहीच कळत नव्हतं. तुकडा तोलल्यावर हिशेब मोळीवर येऊन बसला.

मग काटापावती नीट वाचली. यापूर्वी मी फक्त निव्वळ वजनाचा आकडा बघायचो. पावतीवर दोन वेळा छापलेल्या असतात, रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची. भरलेली गाडी काट्यावर चढली होती सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी. आमच्या गेटच्या वहीत वॉचमननं नोंद केली होती १२.४०. काटा अक्कलकोट रोडच्या बाजूला. तिथून जुळे सोलापूरला यायला ट्रकला फार तर पाऊण तास. पावणेतीन तास गाडी कुठे होती याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते शोधणं माझं काम आहे असंही मला वाटलं नाही. काटा खरा होता, पावती खरी होती. काट्यावरून निघालेली गाडी आणि गेटमधून आत आलेली गाडी यांच्यात दहा मोळ्यांचा फरक होता, एवढंच.

संध्याकाळी मामा चलन घेऊन पुन्हा आले. मी तूट सांगितली. या वेळी ते रोलिंगबद्दल बोलले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "वेस्टेजमध्ये बसतंय सर. कुणाच्या घरचं जातंय?"

हे वाक्य नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. कमी स्टील आल्यामुळे इमारत धोक्यात येत नाही. गज कमी पडले तर पुढची गाडी येते, काम होतं. धोका येतो तो कागदामुळे. मी ६,२८० वर सही केली की स्टॉकच्या वहीत ६,२८० जमा होतात. आलेच नाहीत ते ५५२ किलो आता वहीत आहेत आणि ते कुठेतरी खर्ची पडले पाहिजेत. पहिल्यांदा ते वेस्टेजमध्ये जातात. कापलेल्या तुकड्यांचा खरा तोटा दोन-तीन टक्के असतो, तिथे पाच लिहिले जातात. पुढच्या गाडीची तूटही तिथेच जाते. आणि एक दिवस वेस्टेज दहा टक्क्यांवर पोचतं, ऑफिसमधून फोन येतो, मग कुणीतरी मुकादमाला सांगतं की रिंगा सहा इंचांऐवजी आठ इंचांवर बांध, लॅप जरा आखूड घे, तेवढीच बचत. मुकादमाला कारण माहीत नसतं. हे मी नंतरच्या नोकरीत, दुसऱ्या गावात, डोळ्यांनी बघितलंय. त्या साइटवरच्या एकाही माणसानं इमारत कमकुवत करायची म्हणून काही केलं नव्हतं. सगळे आधीच्या सह्या निस्तरत होते.

पण त्या संध्याकाळी मला इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. मला दोन गोष्टी खात होत्या. एक मामा. दुसरी, आणि खरं सांगायचं तर मोठी, आधीच्या दोन गाड्यांवरच्या माझ्या सह्या. तिसरीबद्दल बोललो की पहिला प्रश्न येणार, "पहिल्या दोन मोजल्या होत्यास?" त्या रात्री खोलीवर बसून मी त्या दोन गाड्यांचा हिशेब घातला. चलनांवरची जमा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे फुटिंग आणि कॉलममध्ये गेलेलं सोळाचं स्टील, यार्डात शिल्लक असलेले गज आणि तुकड्यांचा ढीग. वेस्टेज तीन टक्के धरूनही साडेसातशे किलोचा पत्ता लागेना. अर्थात हा अंदाजच होता. ते गज काँक्रिटमध्ये गेले होते, मीटरला किती भरत होते हे आता कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी तो आकडा तिसऱ्या गाडीच्या आकड्याशेजारी लिहिला नाही, खाली वेगळा लिहिला आणि पुढे "अंदाजे, मोजमाप नाही" असं घातलं.

सकाळी प्रोजेक्ट इंजिनिअर साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शनिवारी स्लॅब आहे. सही करून टाक, नंतर बघू." मला वाटलं, हेही त्यातलेच. तसं नव्हतं. मालकाकडून त्या पुरवठादाराची दोन बिलं थकलेली होती आणि तो तरीही उधारीवर माल पाठवत होता. भांडण झालं असतं तर पुढची गाडी आली नसती. हे मला महिन्यानं कळलं. वरचा माणूस "नंतर बघू" म्हणाला की तो सामील आहे असा निष्कर्ष काढायची घाई करू नका, बऱ्याचदा त्याच्या डोक्यात तारीख आणि उधारी असते.

मी सही केली. पण चलनावर सहीच्या वर असं लिहिलं: "प्रत्यक्ष मोजणी ३१२ नग, लांबी १२ मी. पाच नमुन्यांचं सरासरी वजन १.५३ किलो प्रति मी. एकूण ५,७२८ किलो. चलनापेक्षा ५५२ किलो कमी. ५,७२८ किलोचीच पोच." तारीख, वेळ, खाली मुकादमाचा अंगठा. चलनाच्या तिन्ही प्रतींवर लिहिलं, कारण ड्रायव्हरच्या हातात जाणारी प्रत कोरी राहिली तर बाकी दोन प्रतींना काही अर्थ राहत नाही. चोरी, लबाडी, संशय यांतला एकही शब्द लिहिला नाही. कोणी नेलं हे मला माहीत नव्हतं, आणि जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. मग साहेबांना सांगितलं की सही केली आहे, पण अशी केली आहे. फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच दुपारी त्यांच्यामार्फत एका पानाचं पत्र ऑफिसला दिलं, त्यात तिसरी गाडी, खाली आधीच्या दोन गाड्यांचा अंदाज, आणि त्या दोन्हींवर न मोजता सही मी केली होती हे एक वाक्य. ते वाक्य लिहायला मला पानभर मजकुरापेक्षा जास्त वेळ लागला.

निकाल असा लागला. पुरवठादारानं ५५२ किलो काही न बोलता बिलातून वजा करून दिले. भाव तेव्हा किलोला चाळिशीच्या आसपास होता, म्हणजे बावीस हजार. आधीच्या दोन गाड्यांचं मात्र त्यानं ऐकूनही घेतलं नाही. "तुमच्या माणसाची सही आहे, शेरा नाही." आणि त्याचं बरोबरच होतं. ते साडेसातशे किलो मालकाच्या खिशातून गेले. माझ्या पगारातून कापले नाहीत, पण त्या वर्षीची वाढ मला मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता तुमच्याकडे येतो. सगळ्यात आधी बघा, पोच सही झाली आहे का. झाली नसेल तर तुम्ही फार चांगल्या जागी आहात. गाडी अजून उतरवली नसती तर मी म्हटलं असतं, दुसऱ्या काट्यावर नेऊन भरलेली तोला, सगळा वाद तिथेच संपतो. पण ती वेळ गेली. आता उतरलेला ढीग तसाच राहू द्या, त्यातला एक गजही फिटरला देऊ नका, कारण वापर सुरू झाला की मोजणी संपली. पुन्हा मोजा, या वेळी दुसऱ्या माणसाला बरोबर घेऊन. प्रत्येक व्यासाचे पाच तुकडे तोला. चार-दोन गजांची लांबीही टेपनं बघा, बारा मीटर म्हणून साडेअकराचे गज आलेले मी बघितलेत आणि तीही तूटच असते. मग तुमची तूट किती उरते ते पाहा. "कमी भरतंय" एवढंच तुम्ही लिहिलंय, आकडा दिला नाहीत. गज जड निघाला आणि तूट अर्ध्या टक्क्याच्या आत आली, तर मी स्वतः शेरा मारत नाही, वहीत नोंद करून सोडून देतो. त्याच्या वर असेल तर मोजलेलं तेवढं चलनावर लिहा आणि तुमच्या थेट वरच्या साहेबांना सही करण्याआधी फोन करा. मी आधी फोन केला म्हणूनच साहेबांनी मला नंतर सांभाळून घेतलं. त्यांना डावलून थेट मालकाकडे गेलो असतो तर घेतलं नसतं.

सही आधीच झाली असेल, तर काम अवघड आहे पण तेच आहे. दोन दिवसांत लिहून द्या, स्वतःच्या सहीसकट. महिन्यानं दिलं तर ते स्टील काँक्रिटमध्ये असेल आणि तुमच्याकडे फक्त बोलणं उरेल.

स्टोअरवाल्या माणसाचं काय, हे तुम्ही सरळ विचारलं नाही, पण "आळ घ्यायचा नाही" यात तेच आहे. मामांना यातलं किती माहीत होतं हे मला आजही ठाऊक नाही. चौकशी झाली, ड्रायव्हर बदलला, मामा तिथेच राहिले. दिवाळीनंतर मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मला दिली, मी गेलो, जेवलो. साइटवर मात्र ते त्यानंतर डबा घेऊन वॉचमनच्या खोलीत जाऊन बसायचे.

आणि मालकानं नवा नियम काढला. स्टीलची प्रत्येक गाडी आमच्या माणसानं यार्डातून काट्यावर आणि काट्यावरून साइटपर्यंत सोबत आणायची. आमचा माणूस म्हणजे मी. पुढचं वर्षभर, आठवड्यातून एकदा तरी, सकाळी सातला अक्कलकोट रोडला जाऊन ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि काट्यावर पोचलो की वजन होईपर्यंत खाली उतरून उभं राहायचं.